ऋणनिर्देशात कोण किती ओळींत, आणि कोण मुळीच नाही

प्रश्न: माझा समाजशास्त्राचा प्रबंध बांधणीला द्यायचा आहे. विषय यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या स्त्रियांच्या शेतीश्रमाचा. ऋणनिर्देश साडेचार पानं झाला, तरी कोणीतरी सुटल्यासारखं वाटतंच. मैत्रीण म्हणते फार लांबला. घरचे म्हणतात भासऱ्यांचं नाव वेगळं हवं. मार्गदर्शक मध्येच बदलले, पहिल्यांचं काय लिहू कळत नाही. गावातल्या ज्या बाया माझ्याशी बोलल्या त्यांची नावं तर घालायचीच आहेत. मसुदा, प्रबंध, क्षेत्रकार्याची डायरी आणि बाकीचे कागद सोबत जोडते. काय ठेवू, काय काढू?

उत्तर:

ताई, लांबीचं नंतर बघू. आधी तिसऱ्या पानावरचा गावाचा परिच्छेद काढा, कारण बाकीच्या मसुद्यात जे काही चुकलंय त्यानं फार तर कोणी रुसेल, पण हा परिच्छेद कोणाच्या तरी घरात भांडण लावू शकतो.

संशोधन पद्धतीच्या प्रकरणात तुम्ही स्पष्ट लिहिलं आहे की दोन्ही गावांची आणि सगळ्या उत्तरदात्या स्त्रियांची नावं बदलली आहेत. आणि ऋणनिर्देशात मात्र दोन्ही मौजांची खरी नावं, सरपंचांचं नाव, आशाताईंचं नाव आणि वर 'आपलं दुःख मोकळेपणानं सांगणाऱ्या' सात जणींची नावं आडनावांसह आली आहेत. पाचव्या प्रकरणातली एक बाई दोन मुलींची आई आहे, तिचं मंगळसूत्र गहाण आहे आणि वावराच्या हिश्श्यावरून तिचा दिराशी वाद चालू आहे. ऋणनिर्देशातल्या सात नावांतून ती कोणती, हे त्या तालुक्यातल्या माणसाला शोधायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. आणि असं शोधणारा कोणी लांबचा अभ्यासक नसतो. तो दीर असतो, गावातला सावकार असतो, नाहीतर शेजारचा शिकलेला पोरगा असतो. तुमचा प्रबंध विद्यापीठामार्फत इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर जाणार आहे. तिथे सुरुवातीची पानं आणि प्रत्येक प्रकरण यांच्या वेगवेगळ्या फाइली ठेवलेल्या असतात. म्हणजे कोणीही फक्त ऋणनिर्देशाची फाइल उघडून, तिचा फोटो काढून, गावच्या ग्रुपवर टाकू शकतो.

'पण ती बाईच म्हणाली, माझं नाव टाका' असं तुम्ही मसुद्याच्या कडेला लिहिलंय. तिच्यापुरती तिची संमती खरी आहे. अडचण अशी की एका नावानं गाव उघडं पडतं, आणि गाव उघडं पडलं की ज्या सहा जणींनी असं काही म्हटलेलं नाही त्याही उघड्या पडतात. ज्या गावात अशी घरं मोजकीच आहेत तिथे एकीच्या परवानगीवर सगळ्यांचा पडदा काढता येत नाही.

नावं काढली म्हणजे काम झालं असंही नाही, कारण गाव आडवाटेनंही उघडं पडतं. चौथ्या पानावर 'मावशीच्या घरी राहून क्षेत्रकार्य पूर्ण केले' असं म्हणून तुम्ही मावशीचं पूर्ण नाव आणि गाव दिलं आहे, ते मुलाखतींपैकीच एक गाव आहे. परिशिष्टात ग्रामपंचायतीचं परवानगी पत्र शिक्क्यासकट स्कॅन करून लावलं आहे. तिथे गावाचं नाव, जावक क्रमांक आणि सरपंच-सचिवांच्या सह्या झाका, मूळ पत्र मार्गदर्शकांच्या फाइलीत राहू द्या. छायाचित्रांखालच्या ओळी आणि घरांवरचे नामफलकही याच नजरेनं पाहा. मावशीचे आभार घरच्या परिच्छेदात हलवा आणि 'क्षेत्रकार्याच्या काळात मावशीने घर दिले' इतकंच ठेवा. गाव गाळलं की वाक्य निर्धोक होतं.

त्या परिच्छेदाच्या जागी असं काही चालेल:

> 'या अभ्यासातील दोन्ही गावांची आणि तिथल्या स्त्रियांची नावे प्रबंधात बदलली आहेत, म्हणून इथेही ती लिहिलेली नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत, मजुरी बुडण्याची शक्यता असताना, त्यांनी मुलाखतींना वेळ दिला. सातबारावरील नोंदी, कर्जाची कागदपत्रे आणि घरातील न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या. प्रकरण 4 ते 6 त्यांच्या कथनावर उभी आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या आशा सेविका व अंगणवाडी सेविका, तसेच दोन्ही ग्रामपंचायतींची मी ऋणी आहे.'

यात नाव एकही नाही, तरी आभार पातळ झालेले नाहीत, कारण त्यांनी काय दिलं ते नेमकं सांगितलं आहे. तुमच्या मूळ परिच्छेदात नावं सात होती, पण त्यांनी केलेल्या मदतीबद्दल एकच वाक्य होतं, 'अमूल्य सहकार्य केले'. ज्यांना नावानं आभार हवे आहेत त्यांच्याकडे प्रबंध जमा झाल्यावर प्रत्यक्ष जा, हा परिच्छेद वाचून दाखवा आणि हातानं लिहिलेलं पत्र द्या.

आता लांबीकडे. मसुदा सुमारे 1300 शब्दांचा आहे. मी प्रत्येक भागाचे शब्द मोजले. तुम्हीही मोजा, वर्डमध्ये परिच्छेद निवडला की खाली आकडा दिसतो. संत-महापुरुषांना वंदन 150, सध्याच्या मार्गदर्शक बाई 310, संस्थेचे पदाधिकारी 190, विभाग आणि ग्रंथालयं 120, गाव 140, घरचे 330 आणि टंकलेखन व शेवट 60. आता या आकड्यांशेजारी 'प्रबंधात यांच्यामुळे काय आहे' असा रकाना काढा. ज्यांच्यावर तीन प्रकरणं उभी आहेत त्यांना 140 शब्द, आणि ज्यांनी रजेच्या अर्जावर सही केली त्यांना 190. मैत्रिणीला लांबण जाणवलं ते यामुळे. साडेचार पानंसुद्धा वाचली जातात, पण प्रमाण बिघडलं की दुसऱ्याच पानावर वाचणारा कंटाळतो. एकूण 450 ते 500 शब्द, म्हणजे दोन पानं, हे माप तुमच्या प्रबंधाला पुरेसं आहे.

पण कात्री लावायच्या आधी यादी पुरी करा. 'कोणीतरी सुटलंय' ही भीती आठवणीवर यादी केल्यामुळे येते. आठवण आधी मोठ्या पदाची माणसं काढते, मग घरची, आणि खरंच हात लावलेली माणसं मधल्या मध्ये गळतात. यादी कागदांवरून करा. नोंदणीपत्रावर पहिल्या मार्गदर्शकांचं नाव आहे, सहामाही प्रगती अहवालांवर संशोधन सल्लागार समितीच्या सदस्यांच्या सह्या आहेत, शिष्यवृत्तीच्या मंजुरीपत्रावर योजनेचं नाव आहे. मुलाखत सूचीच्या परिशिष्टावरून ती कोणी तपासून दिली ते कळतं. मग क्षेत्रकार्याची डायरी पानापानानं चाळा आणि शेवटी संदर्भसूची. जी जुनी गॅझेटियरं आणि जनगणना पुस्तिका तुम्ही वापरल्या, त्या कुठल्या ग्रंथालयातल्या कोणी शोधून दिल्या?

तुमच्या कागदांवरून ही उजळणी केली तर मसुद्यात नसलेली चार नावं लगेच सापडतात. पहिले मार्गदर्शक सर. मुलाखत सूची तपासून देणारे दोन प्राध्यापक, ज्यांची नावं परिशिष्टात आहेत आणि ऋणनिर्देशात नाहीत. आणि महाज्योतीची अधिछात्रवृत्ती, जिचा उल्लेख तुमच्या प्रास्ताविकात एका ओळीत आहे, ऋणनिर्देशात शून्य. या चारांपैकी शेवटचं सुटणं सगळ्यात वाईट दिसतं. पैसा देणाऱ्या संस्थेचा उल्लेख हा सौजन्याचा भाग नाही, नियमाचा असतो. मंजुरीपत्रात उल्लेखाची ठरावीक शब्दरचना दिली असेल तर तीच जशीच्या तशी घ्या. नसेल तर संस्थेचं पूर्ण नाव, योजनेचं नाव आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत रक्कम मिळाली, एवढं एक वाक्य. रक्कम किती ते लिहू नका, आणि हप्ते उशिरा आले हेही इथे नको.

यादीतल्या प्रत्येक नावासमोर एक क्रियापद लिहा. शोधून दिलं, तपासलं, वाचून दुरुस्त्या सुचवल्या, सोबत आले, घर सांभाळलं. ज्याच्यासमोर असं क्रियापद सुचत नाही, फक्त 'प्रेरणा दिली' किंवा 'वेळोवेळी सहकार्य केले' एवढंच येतं, तो गटात जातो. त्यात अपमान काही नाही. 'विभागातील सर्व सहकारी' हाही आदराचाच उल्लेख आहे. फक्त गटाचा एक नियम पाळा, त्यात नावं घालायची तर सगळ्यांची, नाहीतर कोणाचंच नाही. तुमच्या मसुद्यात विभागातल्या पाच जणांपैकी तिघांची नावं आहेत आणि पुढे 'इत्यादी' आहे. उरलेले दोघं त्या 'इत्यादी'त स्वतःला शोधतील. खेड्यातल्या महाविद्यालयात स्टाफरूम एकच असते, प्रबंध तिथल्या टेबलावर महिनाभर पडून राहतो आणि पहिलं उघडलं जाणारं पान हेच असतं. पाचही नावं घ्यायची असतील तर आडनावांच्या अकारविल्ह्यानं घ्या, मग आधी-नंतरचा प्रश्न येत नाही.

मार्गदर्शकांचा भाग सगळ्यात नाजूक आहे, म्हणून तो ओळीनं घेऊ. तुमचं मूळ असं आहे:

> 'माझ्या जीवनाला दिशा देणाऱ्या, ज्ञानाचा अथांग सागर, मातृतुल्य, परमपूज्य गुरुवर्य डॉ. … मॅडम यांच्या ऋणातून उतराई होण्यासाठी माझ्याजवळ शब्द नाहीत. त्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय हे संशोधन अशक्य होते…'

आणि असे आणखी 280 शब्द. यात बाईंनी केलेलं एकही काम दिसत नाही, ओळी उचलून दुसऱ्या कोणाच्याही प्रबंधात लावल्या तरी चालतील. 'शब्द नाहीत' म्हटल्यावर पुढे तीनशे शब्द येतात, ही गंमत परीक्षकांच्याही लक्षात येते. तुम्ही कळवलेल्या माहितीवरून बाईंनी तीन कामं केली. घरकाम आणि शेतीकाम वेगळं मोजायची पद्धत त्यांनी सुचवली, पाचवं प्रकरण दोनदा परत लिहायला लावलं, आणि वणीहून स्वतः येऊन दोन मुलाखतींना बसल्या. बस, हेच लिहा.

पहिल्या सरांबद्दल तुम्ही घाबरताय, कारण बदल गोडीगुलाबीनं झाला नाही. ऋणनिर्देशात त्याचं कारण द्यायचं नसतं, काळ आणि काम तेवढं द्यायचं. त्यांचं नाव पूर्ण गाळलं तर ज्याला माहीत आहे त्याला भांडण दिसतं, आणि नोंदणीपत्रावर नाव असल्यामुळे मौखिकीत कोणी विचारलं तर उत्तर देताना तुम्हीच अडखळाल. दोघांना मिळून एवढं पुरतं:

> 'विषयाची निवड, संशोधन आराखडा आणि पहिल्या टप्प्याचे क्षेत्रकार्य प्रा. डॉ. … यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. स्त्रियांच्या श्रमाकडे तासांच्या हिशेबाने पाहण्याची सुरुवात त्यांच्यामुळे झाली. त्यानंतर डॉ. … यांनी मार्गदर्शनाची जबाबदारी स्वीकारली. घरातील आणि वावरातील काम वेगळे नोंदवण्याची पद्धत त्यांनी सुचवली, दोन मुलाखतींना त्या स्वतः उपस्थित राहिल्या आणि पाचव्या प्रकरणाचे दोन खर्डे त्यांनी ओळीनओळ तपासले. प्रबंधाला आजचे रूप त्यांच्या या चिकाटीमुळे आले. दोघांचीही मी मनापासून कृतज्ञ आहे.'

साधारण साठ-पासष्ट शब्द झाले. बाईंना जास्त जागा आहे, सरांना कमी, पण दोघांना कामाप्रमाणे. 'त्यानंतर' या एका शब्दात बदल सांगून झाला. 'काही अपरिहार्य कारणांमुळे' असं मात्र लिहू नका. कारण लपवतोय हे सांगायचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे.

बाईंना मूळच्या लांब परिच्छेदाची सवय झाली असेल, त्यांनी तो वाचलाही असेल, आणि आता कमी केल्यावर काय वाटेल अशी शंका येणार. नवा परिच्छेद त्यांना आधी दाखवा. आपण काय केलं ते शिष्यानं बारकाईनं लक्षात ठेवलं हे दिसलं की 'परमपूज्य' गेल्याची तक्रार सहसा येत नाही.

संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य ही नावं तुमच्याकडच्या महाविद्यालयात टाळता येत नाहीत, आणि टाळायची गरजही नाही. तिघांचे तीन परिच्छेद करू नका. एक वाक्य करा आणि त्यात ठोस गोष्ट ठेवा. 'अभ्यासरजा मंजूर करून संस्थेचे अध्यक्ष …, सचिव … आणि प्राचार्य डॉ. … यांनी क्षेत्रकार्याला आवश्यक वेळ उपलब्ध करून दिला.' पदाचा क्रम इथे पाळा, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो. पण हे वाक्य मार्गदर्शकांच्या नंतर येऊ द्या. अध्यक्षांना सगळ्यात वर ठेवा असा आग्रह काही ठिकाणी होतो. तसं झालं तर ओळ वर नेण्यापेक्षा ऋणनिर्देशाचे 'संस्था' आणि 'संशोधन' असे दोन छोटे भाग करा, मग वर-खालीचा अर्थ उरत नाही. आमदारांचं नाव मसुद्यात का आहे हे मला कळलं नाही. त्यांच्यासमोर क्रियापद सुचत असेल तर ठेवा.

संत गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, सावित्रीबाई, बाबासाहेब, गजानन महाराज यांना वंदन करणारा पहिला परिच्छेद अर्पणपत्रिकेच्या पानावर एका ओळीत न्या. ज्यांच्यावर श्रद्धा आहे त्यांच्या रांगेतच टंकलेखकाचे आभार मानले की दोन्ही गोष्टींची शान जाते.

घरचा परिच्छेद 330 शब्दांचा आहे आणि तरी त्यातून एक माणूस सुटलंय. कोण? पती, सासरे, सासूबाई, भासरे, दोन्ही दीर, आईबाबा, तीन भाऊ, त्यातल्या धाकट्यावर तब्बल 90 शब्द. तुमच्या डायरीत मात्र क्षेत्रकार्याच्या जवळपास प्रत्येक मुक्कामाला 'पोरगी जाऊबाईंकडे' अशी नोंद आहे. आणि जाऊबाई मसुद्यात 'सर्व कुटुंबीय' या शब्दांत आहेत. बायांच्या न मोजलेल्या श्रमावर प्रबंध, आणि त्याच्याच ऋणनिर्देशात तो श्रम मोजायचा राहिला, हे परीक्षकांनी मौखिकीत हसत हसत काढलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल. म्हणून घरचा परिच्छेद नात्याच्या मानापेक्षा कामावरून लिहा. भासऱ्यांनी काय केलं? गाडीवर तालुक्याला सोडलं असेल तर तेच लिहा, वेगळ्या परिच्छेदाची गरज राहत नाही आणि नावही येतं.

> 'क्षेत्रकार्याच्या सगळ्या मुक्कामांत माझ्या मुलीला जाऊबाई सौ. … यांनी सांभाळले. त्या नसत्या तर घर सोडून राहणे मला जमले नसते. सासूबाई-सासऱ्यांनी सोयाबीनच्या हंगामातही मला कामातून मोकळे ठेवले. भासरे श्री. … यांनी एसटी नसलेल्या गावांपर्यंत ने-आण केली. पती श्री. … यांनी तक्त्यांतील आकडे माझ्यासोबत बसून पडताळले. पदव्युत्तर शिक्षणाची फी आईबाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून भरली. तिन्ही भावांनी वेळोवेळी आधार दिला आणि क्षेत्रकार्याच्या काळात मावशीने घर दिले.'

'माझ्या अशिक्षित, अडाणी आईवडिलांनी' हे शब्द काढून टाका. तुमचा हेतू त्यांना मोठं करण्याचा आहे, पण छापलेल्या पानावर त्यांच्या नावापुढे कायमचं 'अडाणी' राहतं. फी चुकाऱ्यातून भरली म्हटलं की काय ते कळतं. तसंच मुलीवरचं 'आईच्या मायेला पारखी झालेली' हे वाक्य. ती मोठी होऊन हे वाचेल. जाऊबाईंकडे ती छान राहिली असेल तर पारखी कशाला म्हणायचं?

आणि एक वाक्य कुठलीही चर्चा न करता खोडा. 'ज्यांनी माझ्या मार्गात अडथळे आणले त्यांचेही आभार, त्यामुळेच मी घडले.' पहिल्या सरांचा परिच्छेद कितीही नीट लिहिला तरी या एका ओळीनं वाचणारा त्याचा संबंध त्यांच्याशीच जोडेल.

मदतनिसांबद्दल शब्द जपून वापरा. 'श्री. … यांनी सांख्यिकीय विश्लेषण करून दिले' या वाक्याचा अर्थ विश्लेषण तुमचं नाही असा होतो, आणि प्रतिज्ञापत्रात तर हे काम माझं स्वतःचं आहे असं तुम्ही सही करून म्हटलं आहे. खरं काय घडलं ते विचारलं तेव्हा तुम्ही लिहिलंत की त्यांनी नोंदी संगणकावर भरल्या आणि कोष्टकं कशी काढायची ते शिकवलं. मग 'माहितीची संगणकीय नोंद केली आणि कोष्टके तयार करण्याची पद्धत समजावून दिली' असंच लिहा. खरोखरच दुसऱ्यानं विश्लेषण केलं असतं तर ते ऋणनिर्देशात लपवण्यापेक्षा पद्धतीच्या प्रकरणात सांगावं लागलं असतं. मुद्रितशोधनाचंही तसंच, 'भाषा सुधारून दिली' ऐवजी 'मुद्रितशोधन केले'. मुलाखत सूची तपासणाऱ्या दोन प्राध्यापकांबद्दल 'सतत मार्गदर्शन केले' म्हणू नका. एकदाच सूची पाहिलेला माणूस तुमचा नेहमीचा मार्गदर्शक भासला, तर उद्या परीक्षक म्हणून त्याच्या तटस्थतेवर उगाच बोट ठेवता येतं. बाह्य परीक्षकांचे आभार तर आत्ता मानायचेच नसतात.

नावांआधीच्या उपाध्या एकसारख्या करा. मसुद्यात काही स्त्रिया 'सौ.', काही 'श्रीमती', एक 'कु.' आणि तिघी बिनउपाधीच्या आहेत. आपल्याकडे पुष्कळ लोक 'श्रीमती' वाचून बाई विधवा आहे असं समजतात आणि सरकारी कागदांत तोच शब्द सगळ्यांना लागतो, त्यामुळे सरमिसळ झाली की नको ते अर्थ निघतात. कामाच्या ठिकाणच्या सगळ्यांना फक्त 'डॉ.' किंवा 'प्रा.', नाहीतर सगळ्या स्त्रियांना 'श्रीमती' आणि पुरुषांना 'श्री.'. 'सौ.' घरच्या परिच्छेदापुरतं. निवर्तलेल्यांसाठी 'कै.' सरसकट लावू नका. बौद्ध कुटुंबात 'कालकथित' म्हणतात, मुस्लीम घरात 'मरहूम'. खात्री नसेल तर 'दिवंगत' सगळीकडे चालतं. ग्रंथपाल सर हयात आहेत की नाहीत याचीही एकदा चौकशी करा, प्रबंधाला सहा वर्षं लागली आहेत.

मजकूर झाला की छपाईतल्या चुका उरतात, आणि त्या बहुतेक नावांतच असतात. तुमच्या टंकलेखकानं कृतिदेवमध्ये टाइप करून युनिकोडमध्ये बदललं आहे. त्या बदलात ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात. मसुद्यात 'मार्गदर्शक' एका ठिकाणी 'मागर्दशक' झालंय, एका आडनावातली वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली आहे. शब्द चुकला तर वाचणारा सावरून घेतो, आडनाव चुकलं तर सावरत नाही. वानखडे आणि वानखेडे, खोब्रागडे आणि खोबरागडे, इंगळे आणि इंगोले ही वेगवेगळ्या लोकांची वेगवेगळी आडनावं आहेत. प्रत्येक नाव त्या व्यक्तीच्या सहीवरून, लेटरहेडवरून किंवा तिला थेट विचारून जुळवा. फोनमध्ये सेव्ह केलेल्या नावावर जाऊ नका. मग शोधा-बदलाची खिडकी उघडून 'करतो', 'मानतो', 'इच्छितो' शोधा. तुमच्या दुसऱ्या पानावर 'ऋण व्यक्त करतो' आलंय, म्हणजे तो भाग कोणातरी पुरुष संशोधकाच्या प्रबंधातून उचलला आहे. त्याच परिच्छेदात दुसऱ्या संशोधन केंद्राचं नाव तर राहिलं नाही ना, तेही पाहा.

शेवटी 'अनवधानाने कुणाचा उल्लेख राहिला असल्यास क्षमस्व' हे वाक्य ठेवायचं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण सगळे विचारतात. यादी कागदांवरून केली असेल तर ते लागत नाही. एखादं 'याशिवाय ज्यांनी पुस्तके, पत्ते आणि गावोगावच्या ओळखी दिल्या त्या सर्वांची मी आभारी आहे' हे त्यापेक्षा बरं, कारण त्यात क्षमा नाही, काम आहे.

अंतिम मजकूर तिघांकडून वाचून घ्या. एक तुमच्या विभागातला, एक सासरचा आणि एक माहेरचा. तिघांनाही 'कसं वाटलं' विचारू नका, 'कोण सुटलं' एवढंच विचारा. नवी नावं आली तर प्रत्येकासमोर क्रियापद मागा. बांधणीवाल्याला देताना ऋणनिर्देश स्वतंत्र पानावर सुरू होतोय, त्याचे पृष्ठक्रमांक प्रकरणांच्या क्रमांकांपासून वेगळे आहेत आणि तो दोन पानांतच संपतोय हे बघा. मग मौखिकीनंतर एखादं नाव दुरुस्त करायची वेळ आली तर तेवढीच पानं बदलतात, अनुक्रमणिका हलत नाही. दुरुस्त केलेलं पान विद्यापीठात द्यायच्या पीडीएफमध्येही बदला. छापील प्रतीत गावाचं नाव काढलं आणि जुनी पीडीएफ तशीच वर गेली, असं हमखास होतं, कारण ती फाइल बहुतेक वेळा टंकलेखकाच्या पेनड्राइव्हवरून थेट जाते. त्याच्याकडची जुनी फाइल समोर उभं राहून पुसायला लावा.